दहावीचा भिंगाचा प्रयोग: तोंडी परीक्षेत व्याख्येच्या पुढे कसं जायचं?

मेधा_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. मी नागपुरात दहावीला विज्ञान शिकवते. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली आहे आणि यंदा आमच्या शाळेत तोंडी प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आहे. बाकीच्या प्रयोगांचं जमेल, अडलंय ते बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराशी. प्रयोग साधा आहे. खिडकीकडे भिंग धरायचं, मागे पांढरा पुठ्ठा धरायचा, मैदानापलीकडच्या कडुनिंबाची प्रतिमा स्पष्ट होईपर्यंत पुठ्ठा मागेपुढे करायचा आणि भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं.

आमच्याकडे वर्षानुवर्षं तेच प्रश्न चालत आलेत. नाभीय अंतर म्हणजे काय, मुख्य नाभी म्हणजे काय, भिंगाची शक्ती कशात मोजतात. मुलं घडाघडा सांगतात. परवा सराव परीक्षेत एका मुलीने "प्रकाशीय मध्य आणि मुख्य नाभी यांतलं अंतर" असं बिनचूक सांगितलं. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता ते अंतर मला दाखव. तिने भिंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवलं. भिंगाची रुंदी जेमतेम 5 सेमी, आणि तिच्याच वहीत तिच्याच अक्षरात 20.3 सेमी लिहिलेलं होतं.

मला व्याख्येपासून सुरुवात करायला हरकत नाही, पहिलं उत्तर आलं की मुलाला धीर येतो. पण तिथून थेट "असं का होतं?" वर गेलं की मूल गप्प होतं. मधली पायरी कोणती, हे मला सापडत नाहीये. एका मुलाला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही, हेही ध्यानात घ्या. तुम्ही कोणत्या क्रमाने विचारता?

निवृत्त_भौतिकी_धंतोली

मेधाताई, व्याख्या जरूर विचारा, पण मुलाच्या वहीतल्या वाचनावरून विचारा. "तुझ्या वहीत 20.3 आहे. हे कुठून कुठपर्यंत मोजलंस, भिंगावर आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवून दाखव." ज्याने खरंच मोजलंय तो लगेच दाखवतो. शेजाऱ्याचा आकडा उतरवला असेल तर तेही तिथेच कळतं, आणि कुणाला खोटं पाडावं लागत नाही.

मधली पायरी म्हणाल तर माझ्या मते ती "आता काय होईल?" ही आहे. मुलाला आधी सांगू द्या, मग स्वतःच्या हाताने करू द्या, आणि त्यानंतरच "का?" विचारा. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीचं कारण शोधायला मुलं घाबरत नाहीत. हवेतल्या प्रश्नाला घाबरतात.

तुमच्याच प्रयोगातलं उदाहरण देतो. "तू कडुनिंब का घेतलास, खिडकीचा गज का नाही घेतला?" उत्तर येईल, दूरची वस्तू हवी म्हणून. मग विचारा, "दूर म्हणजे किती दूर?" इथे बहुतेक जण अडतात, कारण "अनंत अंतरावर" एवढंच त्यांना पाठ असतं आणि शाळेच्या आवारात अनंत अंतरावर काहीच नसतं.

आता हिशोब बघा. भिंग 20 सेमीचं धरू. झाड 10 मीटरवर असेल तर सूत्रात u = −1000 सेमी घातल्यावर v येतं 20.4 सेमी, म्हणजे 4 मिलीमीटर जास्त. झाड 50 मीटरवर असेल तर v 20.08 येतं. हा फरक मिलीमीटरपेक्षा कमी आहे, शाळेच्या पट्टीवर तो दिसणारच नाही. गज मात्र 2 मीटरवर असेल तर v होतं 22.2 आणि चूक दोन सेंटीमीटरच्या वर जाते. तेव्हा "दूर" कशाला म्हणायचं ते तुमची पट्टी किती बारीक मोजते यावर ठरतं. मुलाने एवढं स्वतःच्या शब्दांत सांगितलं तर मी पूर्ण गुण देतो, आकडेमोड मागत नाही.

हे हाताने करून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. झाडाची प्रतिमा स्पष्ट झाली की म्हणा, "आता याच पुठ्ठ्यावर गज स्पष्ट आण. पुठ्ठा आधी कुठे सरकवशील, भिंगाकडे की लांब?" त्याला बोलू द्या, मग करू द्या. गज स्पष्ट होतो तेव्हा झाड धूसर होतं, हे त्याला दिसतंच.

आणखी एक. वस्तू जवळ असल्याने होणारी चूक नेहमी वाचन वाढवते, कमी कधीच करत नाही. भिंगावर 20 लिहिलंय, तो आकडा खरा आहे आणि मुलाचं वाचन 19.4 आलंय, तर झाडाला दोष देता येत नाही. बहुधा त्याने भिंगाच्या मध्याऐवजी स्टँडच्या पुठ्ठ्याकडच्या कडेपासून मोजलेलं असतं. हुशार मुलांना मी हाच प्रश्न विचारायचो: तुझं वाचन कमी आलंय, झाड जवळ होतं म्हणून आलं असेल का?

मानेवाडा_पालक

मॅडम, सगळे प्रश्न उत्तरांसकट एकत्र टाकाल का? मुलगा दहावीला आहे, प्रिंट काढून देतो.

त्याच्याबद्दल एक सांगायचं होतं. सराव परीक्षेत त्याने सरांना विचारलं की झाड कशाला, सूर्य तर सगळ्यात लांब आहे, त्याचीच प्रतिमा घेतली तर? सर म्हणाले, जास्त शहाणपणा नको, जेवढं विचारलं तेवढं सांग. घरी येऊन तो म्हणतो की आता तोंडीत तोंडच उघडणार नाही. त्याचं चुकलं का?

मेधा_त्रिमूर्तीनगर

भाऊ, मुलाला सांगा की त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. "दूरची वस्तू" या कसोटीवर सूर्यासारखं दुसरं काहीच नाही. अडचण वेगळी आहे. 20 सेमीच्या भिंगाने सूर्याची प्रतिमा जेमतेम 2 मिलीमीटरची पडते आणि भिंगावर पडलेली सगळी उष्णता त्या ठिपक्यात गोळा होते. फेब्रुवारीतल्या नागपूरच्या उन्हातसुद्धा कागद काळा पडून धूर निघतो. शिवाय एखादं मूल भिंगातून सूर्याकडे बघायला गेलं तर डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणून झाड. त्याने ही कारणं सांगितली तर माझ्याकडे तो पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल.

उत्तरांची यादी मात्र मी देणार नाही. राग मानू नका. ती पाठ झाली की आपण पुन्हा जिथे होतो तिथेच येऊ. त्याऐवजी घरात एखादं भिंग असेल तर त्याला खिडकीशी उभं करा आणि वर काकांनी सांगितलेलं झाड आणि गजाचं करायला लावा.

क्लासवाले_सर

माझा ठरलेला प्रश्न देतो, याने हुशार आणि पाठांतरवाले लगेच वेगळे होतात. भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमा कशी पडेल? दहातली आठ मुलं म्हणतात, अर्धी पडेल. खरं उत्तर, पूर्ण पडते, फक्त फिकट होते. कारण झाडाच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागावर पडतात, उरलेला अर्धा भाग तेच काम करतो.

यावर पुढचा प्रश्न असा विचारायचा: भिंगाच्या मधोमध रुपयाचं नाणं चिकटवलं तर? इथे प्रतिमा पडणार नाही, कारण प्रकाशीय मध्यातून सरळ जाणारा किरणच अडतो आणि त्याच्याशिवाय दुसरा किरण छेदणार कुणाला? हा प्रश्न मी खास वरच्या मुलांसाठी ठेवतो.

निवृत्त_भौतिकी_धंतोली

सर, पहिला प्रश्न उत्तम आहे आणि कारणही तुम्ही नेमकं दिलंय. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुमच्याच कारणाशी जुळत नाही. प्रत्येक बिंदूचे किरण भिंगाच्या सगळ्या भागावर पडत असतील, तर मधला भाग झाकल्यावर कडेकडचा भाग तेच काम का करणार नाही? प्रतिमा पडेल, पूर्ण पडेल, थोडी फिकट असेल. 5 सेमी व्यासाच्या भिंगावर रुपयाचं नाणं साधारण पाचवा भाग झाकतं, त्यामुळे फिकटपणासुद्धा पटकन लक्षात येणार नाही.

मधून जाणारा किरण आपण आकृतीत घेतो कारण तो न वळता जातो आणि काढायला सोपा पडतो. अक्षाला समांतर किरणाचंही तसंच, तो नाभीतून जातो हे आधीच ठाऊक असतं. प्रतिमा त्या दोन किरणांमुळे पडते असं नाही. त्या दोघांवरून ती कुठे पडेल एवढं आपल्याला शोधता येतं. आरशाच्या मोठ्या दुर्बिणींत मुख्य आरशाच्या समोर मधोमध दुसरा छोटा आरसा बसवलेला असतो, मधला प्रकाश तो अडवतोच. तरी चंद्र पूर्ण दिसतो, मध्ये भोक दिसत नाही.

क्लासवाले_सर

दुर्बिणीचं ठीक आहे, तो आरसा आहे. भिंगाचं मला अजून पटत नाहीये. किरणाकृतीत मधला किरण काढला नाही तर प्रतिमेची जागाच मिळत नाही, मग पडद्यावर ती कशी मिळेल?

हिंगणा_रोडवाला

सर लोकहो, मी हिंगण्याकडल्या शाळेत लॅब पाहतो. तुमचं वाचून सकाळीच करून पाहिलं, पोट्टेही जमा झाले. भिंगाच्या मधोमध काळा कागद गोल कापून चिकटवला. नाणं सुटून पडून राहिलं होतं म्हणून कागद घेतला, नाण्यापेक्षा मोठाच घेतला. खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसते आमच्याकडे. पूर्ण टाकी आली ना बावा! शिडीसकट आली. मध्ये भोक नाही, डाग नाही. उजेड तेवढा कमी.

पण एक गोष्ट मले समजली नाही. आधी कागद न लावता पुठ्ठा जिथं ठेवला होता तिथं कागद लावल्यावर टाकी थोडी फुसकटलेली दिसत होती. पुठ्ठा भिंगाकडे काही मिलीमीटर सरकवला तेव्हा नीट आली. आधी वाटलं हात हलला. पुन्हा केलं, तेच झालं. हे काहून?

निवृत्त_भौतिकी_धंतोली

भाऊ, तुमचा हात हलला नाही. तुम्ही फार चांगली गोष्ट टिपलीत. गोलाकार पृष्ठाच्या भिंगात कडेकडून जाणारे किरण मधल्या किरणांपेक्षा जरा जास्त वळतात आणि भिंगाच्या थोडं जवळच एकत्र येतात. एरवी मधले आणि कडेचे सगळे मिसळलेले असतात आणि आपण पुठ्ठा अशा जागी थांबवतो जिथे एकंदरीत बरं दिसतं. तुम्ही मधले काढून टाकलेत, उरले फक्त कडेचे, म्हणून जागा भिंगाकडे सरकली. उलटं करून बघा. काळ्या कागदाला मधोमध बोटाएवढं भोक पाडून तो भिंगावर लावा, म्हणजे फक्त मधला भाग उघडा राहील. आता पुठ्ठा किंचित लांब न्यावा लागेल, आणि दुसरी गोष्ट अशी दिसेल की पुठ्ठा बराच मागेपुढे केला तरी टाकी स्पष्टच राहते.

या दुसऱ्या गोष्टीचा संबंध आपल्या वाचनाशी आहे. मुलं म्हणतात, "सर, 20 लाही स्पष्ट आहे आणि 20.5 लाही, लिहू काय?" त्यांचं खरं असतं. म्हणून पुठ्ठा एकदा भिंगाकडून लांब नेत थांबायचं, एकदा लांबून भिंगाकडे आणत थांबायचं, आणि दोन्हींचा मध्य घ्यायचा. "तीन वाचनं का घेतलीस?" या प्रश्नाला "सरासरीसाठी" हे उत्तर मी स्वीकारत नाही. सरासरी का लागते, ते या मागेपुढे करण्यात आहे.

क्लासवाले सर, तुमच्या प्रश्नाबद्दल. मुलाला तिसरा किरण काढायला लावा. दोन किरणांनी प्रतिमेचा बिंदू मिळाला की वस्तूच्या टोकापासून भिंगाच्या अगदी कडेला जाणारा किरण काढ म्हणा, आणि विचारा की तो वळून कुठे जाईल. त्याच बिंदूकडे, हे मूल स्वतः म्हणतं. मग मधला किरण पुसायला सांगा. बिंदू जागेवरच राहतो.

क्लासवाले_सर

तिसरा किरण काढून पाहिला, मुद्दा कळला. नाण्याचा प्रश्न आता असाच ठेवतो, उत्तर बदलून. पण एक अडचण राहतेच. लेखी परीक्षेत दोनच किरण काढायचे असतात आणि मुलं तेच घोटून येतात. तोंडीत त्यांना सांगायचं की हे दोन किरण फक्त सोयीचे आहेत, याने काही मुलं गोंधळतील. माझ्याकडे मागच्या बाकांवरची पन्नास टक्क्यांची मुलंही आहेत.

शुभांगी_वर्धारोड

मला सरांचं म्हणणं पटतं. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आहे, एका बॅचला बरीच मुलं असतात. मेधाताई, तुमच्या चार-पाच मिनिटांत भोकाचे कागद, गज, झाड हे सगळं कसं बसणार? आणि गुणांचं काय करायचं? समजा मूल म्हणालं, "पुठ्ठा लांब न्यावा लागेल", करून दाखवलं, बरोबर निघालं, आणि "का" विचारल्यावर गप्प बसलं. त्याला किती द्यायचे? दुसऱ्याने काहीच हाताळलं नाही, पण पुस्तकातलं कारण शब्दशः सांगितलं. त्याला किती?

माझ्याकडे पहिलंच मूल जास्त असतं. हात चालतो, जीभ चालत नाही. मला त्याला कमी द्यायला जड जातं.

मेधा_त्रिमूर्तीनगर

शुभांगीताई, सगळ्यांना सगळं विचारायचं नाहीच. मी आता असं ठरवतेय की प्रत्येक मुलाला त्याच्या वाचनावरून एक प्रश्न, मग एकच "आता काय होईल", आणि त्याचंच "का". पहिल्या मुलाला झाड आणि गज, दुसऱ्याला अर्धं झाकलेलं भिंग, तिसऱ्याला आणखी काही. बाहेर गेलेलं मूल पुढच्याला प्रश्न सांगतं, तोही त्रास वाचेल.

गुणांचं मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. माझा कल हाताळणाऱ्या मुलाकडे आहे. पण माझी एक सहकारी म्हणते, तोंडी परीक्षा आहे तर बोलणं मोजायलाच हवं, हाताचे गुण प्रयोगाला वेगळे आहेतच. तिचंही चूक म्हणता येत नाही.

चष्मेवाला_बर्डी

मी शिक्षक नाही, सीताबर्डीत चष्म्याचं दुकान आहे. बहीण शिक्षिका आहे, तिने हा धागा पाठवला. उपयोगाचे प्रश्न हवे असतील तर मुलांच्या नाकावरच आहेत.

जवळचा चष्मा, समजा आजीचा +2.5 चा, घ्या आणि खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाचं चित्र भिंतीवर पाडा. अंतर मोजा, 40 सेमीच्या आसपास येईल. 100 ला 40 ने भागलं की 2.5. नंबर म्हणजे काय हे मुलाला कायमचं कळतं. आजीचा चष्मा बायफोकल असेल तर खालच्या तुकड्यातून बघा, वरचा नंबर वेगळा असतो. सिलिंडर असलेला चष्मा घेऊ नका, त्याचं चित्र एका दिशेने ओढल्यासारखं येतं आणि मूल उगाच गोंधळतं.

मग मायनसवाल्या मुलाचा चष्मा घ्या. भिंतीवर चित्र पडतच नाही, कितीही मागेपुढे करा. काचेची सावली पडते आणि तिच्या कडेने उजेडाची किनार. इथे "का नाही पडत" विचारा.

आम्ही दुकानात काच हातात घेतली की मशीनला लावायच्या आधीच प्लस-मायनस ओळखतो. काच डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरायची, तिच्यातून दाराची उभी कड बघायची आणि काच हळूच उजवीकडे-डावीकडे हलवायची. दार काचेच्या उलट दिशेने सरकलं तर प्लस, काचेबरोबर सरकलं तर मायनस. तुमचं लॅबचं भिंग फार जाड असतं, 20 सेमी म्हणजे +5 झालं, ते डोळ्याच्या अजून जवळ धरून बघा. लांब धरलं तर दार उलटं दिसायला लागेल आणि ही खूण चालणार नाही. भिंगाला बोट न लावता ते कोणतं आहे हे ओळख, असा प्रश्न विचारता येईल.

शुभांगी_वर्धारोड

हे फार आवडलं. फक्त परीक्षेत मुलांचे स्वतःचे चष्मे काढायला लावू नका, विशेषतः मुलींना. मोठा नंबर असलेली मुलं लपवतात. शाळेने दोन जुने चष्मे आणून ठेवावेत.

मानेवाडा_पालक

आईचा चष्मा घेऊन आत्ताच केलं. चित्र आलं, पण उलटं आलं. झाड खाली डोकं वर पाय. मग आईला चष्म्यातून पेपर सुलटा कसा दिसतो? मुलगा मला विचारतोय आणि मला सांगता येत नाहीये.

निवृत्त_भौतिकी_धंतोली

मुलाला म्हणा, आईचा पेपर चष्म्यापासून किती अंतरावर असतो ते मोज. पेपर 40 सेमीच्या आत, वीत-दीड वीत असेल. नाभीय अंतराच्या आत ठेवलेल्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर पडत नाही. ती सुलटी आणि मोठी, पेपरच्याच बाजूला, पण जास्त लांब दिसते, आणि आईला तेच हवं असतं, कारण तिचे डोळे जवळचं बघू शकत नाहीत. आता त्याला चष्मा पेपरपासून हळूहळू वर उचलायला सांगा आणि डोळा हातभर लांब ठेवून काचेतून बघायला सांगा. अक्षरं मोठी होत जातील, मग एका उंचीवर सगळं पुसल्यासारखं होईल, आणि आणखी वर नेल्यावर अक्षरं उलटी दिसू लागतील. जिथे पुसली जातात ती उंची मोजून पाहा.

हिंगणा_रोडवाला

माझाही एक प्रश्न राहिला. आम्ही खिडकीनंतर मेणबत्तीनं करतो. बाकावर एका टोकाला मेणबत्ती, दुसऱ्या टोकाला पडदा, मधात भिंग. गेल्या बॅचच्या अर्ध्या पोट्ट्यायले प्रतिमा भेटलीच नाही. भिंग पूर्ण बाकभर फिरवलं त्यायनं. शेजारच्या बाकावर बरोबर येऊन राहिली होती. भिंगं सारखीच, 20 ची. मोजलं तर आमचा छोटा बाक 75 सेमी आणि शेजारचा 90. एवढ्यानं फरक पडतो का?

निवृत्त_भौतिकी_धंतोली

एवढ्यानेच पडतो, आणि याहून चांगला तोंडी प्रश्न मला सुचणार नाही. मुलाच्या वहीतला तक्ता त्याच्यासमोर ठेवा. 20 च्या भिंगाला मेणबत्ती 25 वर असेल तर प्रतिमा 100 वर, म्हणजे दोन्ही मिळून 125. मेणबत्ती 30 वर तर प्रतिमा 60 वर, बेरीज 90. 40 वर तर 40, बेरीज 80. 60 वर तर 30, पुन्हा 90. बेरीज खाली येते आणि परत वर जाते. 80 च्या खाली ती कधीच येत नाही, म्हणजे नाभीय अंतराच्या चौपटीच्या खाली नाही. तुमच्या 75 च्या बाकावर भिंगाला उभं राहायला जागाच नव्हती. 90 च्या बाकावर मात्र दोन जागा आहेत. भिंग मेणबत्तीपासून 30 वर ठेवलं तर ज्योत दुप्पट उंच, 60 वर ठेवलं तर निम्मी.

प्रश्न असा विचारा: "मेणबत्ती आणि पडदा हलवायचा नाही. भिंग सरकव आणि मला स्पष्ट ज्योत दोनदा दाखव." बीजगणित न येणारं मूलही हे करतं, आणि तक्त्यातल्या बेरजा बघून कारणाच्या जवळ येतं.

क्लासवाले_सर

हा मी घेतला. बेरजेचं मागच्या बाकांनाही जमेल.

काका, अजून एक. भिंग पाण्यात बुडवलं तर नाभीय अंतर वाढतं हे मी सांगतो, पण कधी करून दाखवलं नाही. बादलीत करता येईल का? मुलं मागे लागलीत.

निवृत्त_भौतिकी_धंतोली

वाढतं, आणि चांगलं चौपटीच्या आसपास, कारण काच आणि पाणी यांच्यात प्रकाश फारच कमी वळतो. म्हणजे तुमचं 20 चं भिंग पाण्यात 80 च्या घरात जाईल आणि बादलीत मावणार नाही. 5 किंवा 10 सेमीचं भिंग आणि लांबट काचेची टाकी लागेल, माशांची असते तशी. पडदाही पाण्याच्या आतच हवा, बाहेर ठेवला तर किरण काचेतून बाहेर पडताना पुन्हा वळतील आणि मोजलेलं अंतर खरं नसेल.

हिंगणा_रोडवाला

माशांची टाकी आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे, मासे गेल्या उन्हाळ्यापासून नाहीत. सोमवारी मागून पाहतो. 10 चं भिंग कोणाकडे असेल तर सांगा, आमच्याकडे सगळे 20 चेच आहेत.

मेधा_त्रिमूर्तीनगर

माझ्याकडे 10 चं एक आहे, कडेला टवका उडालाय. चालत असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन जा.